दाण्याची वाट आणि काडाची वाट

पिकलेल्या गव्हाच्या ओंबीत दाणा मोकळा नसतो. प्रत्येक दाण्याभोवती तुसाचे आवरण असते, ते आवरण ओंबीच्या मधल्या दांड्याला घट्ट धरून असते आणि ओंबी मांडीएवढ्या उंच काडाच्या टोकाला डुलत असते. दाणा पोत्यात जाण्याआधी त्यामुळे तीन कामे उरकावी लागतात. काड कापायचे, दाणा ओंबीतून सोडवायचा आणि सुटलेला दाणा काड-भुसातून निवडून काढायचा. हातांनी ही कामे तीन जागी आणि तीन वेळी होत. विळ्याने सोंगणी करून पेंढ्या बांधायच्या, त्या खळ्यावर आणून तिवड्याभोवती बैलांची पात फिरवायची, मग चांगला वारा सुटला की तिवईवर उभे राहून सुपातून उफणायचे. कंबाईन हार्वेस्टर ही तिन्ही कामे चालता चालता करतो. पाते काडाला लागल्यापासून तो दाणा टाकीत पडेपर्यंत जेमतेम दहा-पंधरा सेकंद जातात.

इंग्रजी नावातला ‘कंबाईन’ हा शब्द एकत्र करण्याचा आहे, आणि ते नाव खरे आहे. या यंत्रातले फार थोडे भाग त्याच्यासाठी म्हणून शोधले गेले. फिरत्या ड्रमने मळणी करण्याची युक्ती स्कॉटलंडच्या अँड्र्यू मीकलने १७८६ च्या सुमारास यशस्वी केली. मागेपुढे सरकणाऱ्या पात्यांची कापणी यंत्रे एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात आली. हायरम मूर आणि जॉन हॅस्कल यांनी १८३६ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात ज्या यंत्राचे पेटंट घेतले, त्यात कापणी आणि मळणी प्रथमच एका गाड्यावर बसवलेली होती. ते ओढायला घोड्यांचा मोठा ताफा लागे.

त्या घोड्यांच्या यंत्रात एक मूळचीच अडचण होती. ड्रम, पाते, चाळण्या हे सगळे जमिनीवर फिरणाऱ्या चाकापासून चालत. घोडे थकले, चढ लागला किंवा पीक दाट झाले की गाडा मंदावे, आणि नेमके ज्या वेळी मळणीला जोर हवा त्याच वेळी ड्रमही मंदावे. यंत्रावर स्वतंत्र इंजिन आले तेव्हा ही गाठ सुटली. १९३८ मध्ये मॅसी-हॅरिस कंपनीने स्वतःच्या चाकांवर चालणारा कंबाईन बाजारात आणला, त्यानंतर तो साचा जगभर रुळला. आजही जाणता चालक इंजिनाचे फेरे ठरल्या आकड्यावर स्थिर ठेवतो आणि पिकाप्रमाणे फक्त गाडीचा वेग कमी-जास्त करतो. यंत्राच्या पोटातला प्रत्येक भाग त्या ठरल्या फेऱ्यांवर बेतलेला असतो. डिझेल वाचवण्यासाठी इंजिन हळू चालवले तर वाचलेल्या डिझेलपेक्षा जास्त किमतीचा गहू मागे सांडतो. तो का सांडतो, हे पुढे काडाच्या प्रवासात दिसेल.

पंजाबातून हंगामासाठी राज्याराज्यांत फिरणारा आणि महाराष्ट्रातही गहू, सोयाबीन, हरभऱ्याच्या शेतांत दिसणारा नेहमीचा कंबाईन साधारण १४ फुटी पात्याचा आणि शंभर अश्वशक्तीच्या आसपासच्या इंजिनाचा असतो. त्यात आडवा ड्रम आणि त्यामागे काड हलवणारे वॉकर असतात. पुढचे वर्णन याच साच्याच्या यंत्राचे आहे, आणि पीक गव्हाचे.

कापणीचा भाग दिसायला सर्वांत मोठा, पण समजायला सर्वांत सोपा. पुढे एक मोठा रहाट फिरतो, त्याला रील म्हणतात. त्याच्या फळ्या उभ्या पिकाला पात्याकडे अलगद झुकवतात आणि कापलेले काड आत लोटतात. फळ्यांचा वेग गाडीच्या वेगापेक्षा थोडाच जास्त, दहा ते पंचवीस टक्क्यांनी, ठेवावा लागतो. त्याहून जास्त झाला तर फळ्या ओंब्यांना झोडपतात आणि पिकलेला दाणा आत येण्याआधीच जमिनीवर गळतो. कमी झाला तर काड पुढच्या बाजूला ढकलले जाते आणि कापल्यावर बाहेर पडते. खाली कटरबारवर त्रिकोणी पाती ओळीने बसवलेली असतात. ती स्थिर बोटांमधून डावी-उजवी सरकतात, आणि बोट व पाते यांच्यात सापडलेले काड कात्रीत सापडल्यासारखे कापले जाते. विळ्याला काड मुठीत धरून ठेवणारा दुसरा हात लागतो, इथे ते काम बोटे करतात. एखादे पाते बोथट झाले किंवा बोट वाकले तर शेतात कापलेल्या पट्ट्यात बारीक उभी रेघ राहते. चालकाला ती वरून दिसत नाही, मागून चालणाऱ्याला लगेच दिसते.

कापलेले पीक एका लांब आडव्या मळसूत्राने, म्हणजे ऑगरने, दोन्ही बाजूंनी मध्यभागी आणले जाते. तिथून साखळीवर बसवलेल्या पट्ट्या ते वर खेचून ड्रमकडे नेतात. इथे एकच गोष्ट महत्त्वाची आहे, पीक एकसारखे आले पाहिजे. ढिगाने आले तर ड्रमचा आवाज दबतो, मग मोकळा होतो, पुन्हा दबतो. अनुभवी चालक या आवाजावरूनच समोरचे पीक जोखतो.

आता आत किती माल जातो, याचा हिशेब एकदा मांडावा. निफाडसारख्या बागायती पट्ट्यातले एक शेत घेऊ, उत्पन्न हेक्टरी ४० क्विंटल. पाते ४.२ मीटर रुंद, पण कडेला थोडा भाग वाया जातो म्हणून प्रत्यक्ष कापणी ४ मीटर. गाडीचा वेग ताशी ३.६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १ मीटर, माणसाच्या सावकाश चालीएवढा. दर सेकंदाला ४ चौरस मीटरचे पीक आत येते. चौरस मीटरला ४०० ग्रॅम दाणा असल्याने सेकंदाला १.६ किलो गहू, आणि जवळजवळ तितकेच काड व तूस. हजार दाण्यांचे वजन ४० ग्रॅम धरले तर सेकंदाला चाळीस हजार दाणे ओंब्यांतून सोडवून काडातून निवडायचे आहेत. वळणांचा वेळ सोडला तर एकराला सतराएक मिनिटे लागतात.

ही मळणी ड्रम आणि त्याखालची जाळी यांच्यामध्ये होते. ड्रम म्हणजे सुमारे ६० सेंटिमीटर व्यासाचा पोलादी दंडगोल. त्याच्या पाठीवर तिरक्या खाचांच्या जाड पट्ट्या लावलेल्या असतात, बहुधा आठ. त्याच्या खालच्या बाजूला, परिघाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढ्या भागात, कॉन्केव्ह नावाची वाकवलेली जाळी असते. ड्रम मिनिटाला ९०० फेरे घेत असेल तर पट्टीचा वेग सेकंदाला सुमारे २८ मीटर होतो, म्हणजे ताशी शंभर किलोमीटर. पीक मात्र पुढून सावकाश येते. पट्टी त्याच्यावर आदळते, त्याला ओढून जाळीवर घासत नेते आणि पुढची पट्टी पुन्हा आदळते. बैलाच्या पायाखाली तासभर जे होते ते इथे डोळ्याची पापणी लवण्याआधी होऊन जाते. बैलाचा पाय दाबतो आणि मळतो, ड्रमची पट्टी मुख्यतः ठोकर देते. ओंबीला बसलेल्या ठोकरेने दाणा तुसातून उडतो आणि मागच्या घासण्याने राहिलेले दाणे सुटतात.

ड्रम आणि जाळी यांतली फट पुढून मोठी आणि मागे अरुंद ठेवतात. गव्हासाठी पुढे बारा-पंधरा मिलिमीटर आणि मागे त्याच्या निम्मी हा साधारण अंदाज. सहज सुटणारे दाणे पहिल्याच ठोकरेने सुटतात आणि जाळीतून खाली पडतात, मग मागच्या अरुंद जागेत चिवट ओंब्यांची पाळी येते. जाळीचे मोल इथे कळते. ती दाणा सोडवायला मदत करते आणि सुटलेल्या दाण्याला पुढचा मार खाण्याआधीच बाहेरचा रस्ता देते. चांगल्या कोरड्या गव्हात ऐंशी ते नव्वद टक्के दाणा या जाळीतूनच खाली जातो. कंबाईनच्या पोटातली बरीचशी निवड मळणीबरोबरच उरकलेली असते, आणि मागचे अवजड वॉकर उरलेल्या दहा-वीस टक्क्यांसाठी असतात.

ड्रमची मांडणी ही दोन चुकांमधली तडजोड आहे. वेग कमी किंवा फट मोठी असेल तर ओंबीच्या टोकाला आणि बुडाशी दाणे राहून जातात. मागे पडलेल्या काडातून चार ओंब्या उचलून तळहातावर चोळल्या की हे कळते. वेग जास्त किंवा फट लहान असेल तर दाणे फुटतात, आणि ते टाकीत मूठ घातली की दिसते. तिसरी चूक लवकर दिसत नाही. कडक मळणीने काडही तुटते. लांब काड मागे वॉकरवरून सरळ निघून जाते, पण बोटभर लांबीचे तुकडे जाळीतून दाण्याबरोबर खाली पडतात आणि चाळणीवर गर्दी करतात. ओंबीत एकही दाणा राहू नये म्हणून ड्रम वाढवणारा चालक बऱ्याचदा तोच दाणा चाळणीवरून घालवतो. नियम असा सांगितला जातो की आधी फट जुळवावी आणि ड्रमचा वेग जरुरीपुरताच वाढवावा, कारण दाणा फुटण्याला वेग फटीपेक्षा जास्त कारणीभूत असतो. सोयाबीनला याच कारणाने गव्हाच्या जवळजवळ निम्मेच फेरे ठेवतात. त्या दाण्याचे साल पातळ असते, ठोकर जोराची बसली की त्याची डाळ होते. बियाण्याच्या प्लॉटमध्ये तर न फुटलेला दाणाही आतून दुखावलेला असू शकतो, आणि ते उगवण तपासल्याशिवाय कळत नाही.

ड्रममधून मागे फेकलेल्या काडाच्या थरात अजून दहा-पंधरा टक्के सुटा दाणा अडकलेला असतो. पेंढ्या मळून झाल्यावर बाया काड हातांनी झटकून बाजूला टाकतात, तेव्हा आत अडकलेले दाणे खाली गळतात. कंबाईनमध्ये हे झटकण्याचे काम वॉकर करतात. एकाशेजारी एक चार-पाच लांब, जाळीदार, करवतीसारख्या कडांच्या पन्हाळी वाकड्या दांड्यावर, म्हणजे क्रँकवर, बसवलेल्या असतात. शेजारच्या दोन पन्हाळी कधीच एकदम वर येत नाहीत, एक वर जाते तेव्हा दुसरी खाली असते. काडाचा थर त्यांच्यावर उसळतो, विस्कटतो आणि उड्या मारत मागे सरकतो. दाणा पन्हाळीच्या भोकांतून खाली पडून पुढच्या बाजूला घरंगळत येतो.

क्रँकची त्रिज्या सुमारे ५० मिलिमीटर आणि फेरे मिनिटाला दोनशेच्या आसपास असतात. हे आकडे सहज निवडलेले नाहीत. त्यांतून निघणारा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या सव्वादोन पटीच्या जवळ येतो. तो एका पटीहून कमी असता तर काड पन्हाळीवरून उचललेच गेले नसते, नुसते बसल्या जागी वर-खाली झाले असते. सव्वादोन पटीत ते दर फेऱ्याला हवेत सुटते, आणि तेवढ्या क्षणात थर मोकळा होऊन दाण्याला वाट मिळते. हा प्रवेग फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. इंजिन वीस टक्के हळू चालवले तर तो सव्वादोनवरून १.४ पटीवर येतो. काडाची उसळी जवळजवळ जाते आणि थर दाट राहतो. डिझेल वाचवताना गहू का सांडतो, ते एवढ्यावर आहे.

या साच्याच्या कंबाईनची मर्यादा बहुतेक वेळा वॉकर ठरवतात. पाते आणि ड्रम याहून जास्त पीक खाऊ शकतात, पण दाण्याला काडाच्या थरातून खाली यायला वेळ लागतो आणि थर जितका जाड तितका जास्त लागतो. वॉकरच्या प्रत्येक मीटरवर, तिथवर उरलेल्या दाण्याचा ठरावीक हिस्सा खाली पडतो. समजा पहिल्या वेगात ड्रममधून १५ टक्के दाणा वॉकरवर आला, आणि प्रत्येक मीटरवर उरलेल्याचे ६० टक्के खाली पडतात. चार मीटरनंतर त्या १५ टक्क्यांतले अडीच टक्केच उरतात, म्हणजे एकूण गव्हाच्या ०.४ टक्क्याहूनही कमी. आता गाडीचा वेग वाढवला. थर जाड झाला, जाळीतून कमी दाणा पडला म्हणून वॉकरवर २० टक्के आला, आणि प्रत्येक मीटरवर ६० ऐवजी ४० टक्केच खाली पडू लागला. चार मीटरनंतर त्या २० टक्क्यांतले तेरा टक्के उरतात, म्हणजे एकूण गव्हाचे २.६ टक्के. नुकसान जवळजवळ सातपट झाले. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, पण वळण खरे आहे. वेग थोडा थोडा वाढवत गेले तर बराच वेळ काहीच बिघडत नाही, आणि एका ठिकाणापुढे नुकसान एकदम चढू लागते. चालकाला सीटवर बसून ते ठिकाण दिसत नाही, कारण टाकी तर पहिल्यापेक्षा लवकर भरत असते.

जाळीतून आणि वॉकरमधून पडलेला सगळा माल एका हलत्या, पायऱ्यापायऱ्यांच्या पत्र्यावर जमतो. त्यात दाणा, तूस, कुसळे, काडाचे बारीक तुकडे आणि थोड्या न सुटलेल्या ओंब्या असतात. हलता हलता जड दाणा खाली बसतो, भूस वर येते आणि मग हा थर वरच्या चाळणीवर उतरतो. खालून पंखा वारा देतो. इथे उफणणी सुरू होते, पण खळ्यावरच्या वाऱ्यासारखी वाट पाहावी लागत नाही.

गव्हाचा दाणा हवेत तरंगत ठेवायला सेकंदाला सुमारे आठ मीटर वेगाचा वारा लागतो, तुसाला दोनेक मीटर पुरतो. दोहोंत इतके अंतर असल्याने मधला कुठलाही वारा तूस उडवतो आणि दाणा सोडतो. अडचण येते ती काडाच्या तुकड्यांची, त्यातही पेर असलेल्या जड तुकड्यांची. ते वाऱ्याच्या हिशेबात दाण्याच्या जवळ जातात, म्हणून त्यांना चाळणीने अडवावे लागते. वारा वजनाने निवडतो, चाळणी आकाराने निवडते, आणि एकाची उणीव दुसरा भरून काढतो. वरची चाळणी पट्ट्यांची असते, पट्ट्या उघडझाप करून फट बदलता येते. त्यातून पडलेला दाणा खालच्या बारीक चाळणीवर जातो आणि तिथून स्वच्छ होऊन टाकीकडे. वरच्या चाळणीच्या अगदी मागच्या टोकाशी पडणारे जड तुकडे आणि अर्धवट ओंब्या एका वेगळ्या नळीत जमा होऊन पुन्हा ड्रममध्ये पाठवल्या जातात. ही परतीची वाट थोड्या मालासाठी आहे. खालची चाळणी फार मिटलेली असेल तर चांगला दाणाही तिकडे वळतो, पुन्हा ड्रमचा मार खातो, फुटतो आणि पुन्हा परततो. परतीच्या नळीतून मूठभर माल काढून पाहिला आणि त्यात मोकळे दाणे भरपूर निघाले, तर दोष ड्रमचा नसून चाळणीचा असतो.

पंख्याबाबत सर्वसाधारण समजूत अशी की वारा वाढवला तर दाणा उडून जातो, म्हणून मागे गहू दिसला की वारा कमी करावा. अनेकदा खरे याच्या उलट असते. वारा कमी पडला की तूस चाळणीवर बसते, त्याची गादी तयार होते आणि दाणा त्या गादीवर स्वार होऊन मागे पडतो. दोन्ही दोषांत मागे दाणाच दिसतो, फरक टाकीत कळतो. टाकीतला गहू भुसाने मळलेला असेल आणि मागेही दाणा पडत असेल तर वारा कमी आहे. टाकीतला गहू झळझळीत स्वच्छ असेल आणि मागे दाणा पडत असेल, त्यातही हलका-चिमलेला जास्त असेल, तर वारा जास्त आहे.

मागे पडलेला गहू किती, हे पाहण्याची रीत सोपी आहे, पण तिच्यात एक फसगत दडलेली आहे. वर धरलेल्या शेतात चौरस मीटरला ४०० ग्रॅम दाणा आहे. एक टक्का म्हणजे ४ ग्रॅम, म्हणजे शंभर दाणे. चालत्या यंत्राला मध्येच थांबवून थोडे मागे घेतात, म्हणजे तीन जागा उघड्या मिळतात. पहिली समोरच्या उभ्या पिकाखालची, तिथले दाणे यंत्र येण्याआधीच गळलेले. दुसरी पात्याच्या पुढची कापलेली जागा, जिथे अजून काड पडलेले नाही. तिसरी यंत्राच्या मागची, काडाच्या पट्ट्याखालची. समजा उभ्या पिकाखाली चौरस मीटरला ८ दाणे निघाले, पात्यापुढे २०, आणि मागच्या पट्ट्याखाली २५०. पात्याने सांडले १२, म्हणजे ०.१२ टक्के, ही चांगली कापणी आहे. मागच्या २५० मधून २० वजा करून २३० उरतात, आणि ते पाहून शेतमालक हादरतो, कारण त्याच्या हिशेबात सव्वादोन टक्क्यांहून जास्त गहू गेला. पण हे दाणे ४ मीटर रुंदीच्या पिकातून आलेले आहेत आणि यंत्राच्या मागून १.२ मीटर रुंदीच्या पट्ट्यात पडलेले आहेत. या दोन रुंदींच्या प्रमाणाने भागले की चौरस मीटरला ६९ दाणे, म्हणजे ०.६९ टक्के. एकूण नुकसान पाऊण टक्क्याहून थोडे जास्त. त्यात तक्रारीला जागा नाही. हाच चालक वेग दीडपट करतो आणि पट्ट्याखाली ९०० दाणे निघतात, तेव्हा हिशेब अडीच टक्क्यांपुढे जातो, हेक्टरी एक क्विंटलहून जास्त. काड पसरवणारे यंत्र मागे जोडलेले असेल तर पट्टाच राहत नाही, आणि हा भागाकार त्याप्रमाणे बदलावा लागतो.

पट्ट्याखालचे दाणे कसे आहेत त्यावरून दोष कुठल्या भागात आहे ते ठरते. दाणे ओंबीतच असतील तर ड्रम, मोकळे असून काडात वर अडकलेले असतील तर वॉकर, आणि तुसाबरोबर खाली विखुरलेले असतील तर चाळणी व पंखा. एका वेळी एकच गोष्ट बदलून पुन्हा मोजणे गरजेचे असते. दोन बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

या सगळ्या जुळणीला घड्याळही लागते. सकाळी दव असताना काड सर्द आणि चिवट असते. तूस दाण्याला सोडत नाही, थर एकमेकांत गुंततो, आणि कालची जुळणी आज ओंब्या तशाच मागे टाकते. दुपारी बारानंतर तेच काड काचेसारखे तुटते. आता मळणी सोपी होते, पण तुकडे वाढतात आणि गर्दी वॉकरवरून चाळणीवर सरकते. एकाच शेतात, एकाच दिवशी यंत्राचा अडणारा भाग असा बदलतो. म्हणून सकाळी ड्रम जरा कडक आणि दुपारी सैल करणे हा शहाणपणाचा परिपाठ आहे, पण हंगामाच्या घाईत तो क्वचितच पाळला जातो. तणाने भरलेल्या शेतात कुठलीच वेळ चांगली नसते. हिरव्या तणाचा रस दाण्याला लागतो, ओले तुकडे चाळणीची भोके बुजवतात आणि टाकीतला गहू सर्द होतो.

वॉकरची मर्यादा ओलांडण्यासाठी वेगळ्या साच्याचे कंबाईन आले. न्यू हॉलंडने १९७५ मध्ये आणि इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९७७ मध्ये आडव्या ड्रमऐवजी यंत्राच्या लांबीच्या दिशेने बसवलेल्या लांब रोटरचे कंबाईन विकायला सुरुवात केली. त्यात पीक रोटरभोवती मळसूत्रासारखे फेरे घेत मागे जाते. दाणा काडातून खाली पडायला गुरुत्वाकर्षणावर अवलंबून राहत नाही, फिरण्याच्या जोराने तो बाहेरच्या जाळीतून फेकला जातो. हा जोर गुरुत्वाकर्षणाच्या कितीतरी पट असल्याने तेवढ्याच लांबीत जास्त काम होते. मळणीलाही जास्त वेळ मिळतो, म्हणून ठोकर सौम्य ठेवता येते आणि दाणा कमी फुटतो. पण काडाला इतके फेरे मिळाल्याने ते जास्त तुटते, सर्द काड रोटरला गुंडाळून बसते आणि इंजिनाची ताकद जास्त लागते.

काड न तोडणे ही वॉकरच्या कंबाईनची गरज आहे. भारतात गव्हासाठी वापरले जाणारे जुने मळणी यंत्र नेमके उलटे बेतलेले असते. ते काड ड्रममध्येच कुस्करून जाळीतून सगळेच्या सगळे खाली पाडते, मग पंख्याने भुसा एका बाजूला उडवते. गुरांना खायला मऊ भुसा आणि घरात धान्य, दोन्ही एकाच यंत्रातून मिळतात, पण कामाचा वेग कमी राहतो. कंबाईन काड अखंड मागे टाकतो आणि जमिनीपासून वीतभर किंवा त्याहून उंच धसकटे उभी सोडतो, कारण जितके काड आत कमी घ्यावे तितके वॉकरवरचे ओझे कमी होते आणि गाडी वेगाने नेता येते. ज्या शेतकऱ्याला भुसा हवा असतो तो त्यामुळे कंबाईनच्या मागोमाग ट्रॅक्टरला जोडलेले दुसरे यंत्र आणतो. ते उभी धसकटे कापते, पडलेले काड उचलते, दोन्ही कुस्करते आणि जाळी लावलेल्या ट्रॉलीत भुसा भरते. कंबाईनच्या मागे सांडलेल्या दाण्यांपैकी थोडे त्या यंत्राच्या तळाशी पुन्हा गोळा होतात.